आतली शहराला, बाहेरची घराला

एफी स्ट्रदर्सला राग येत नसे. तो तिच्याकडे कायमचा राहायला होता. सकाळी दुधाची बाटली आत घेताना तो तिच्यासोबत दारात दिसायचा, आणि रात्री ती पडदे ओढायची तेव्हा खिडकीतून शेवटची नजर टाकायलाही तोच असायचा. सेसनॉकच्या आमच्या इमारतीत तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, माझं पहिल्या. त्यामुळे तिच्या मतांचा आवाज माझ्या छतातून येई आणि मला वेगळं वर्तमानपत्र घ्यावं लागत नसे.

तिने तीस वर्षं शहरातल्या एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी धुतल्या. सकाळी सेसनॉकहून भुयारी गाडीने बुकॅनन स्ट्रीट, संध्याकाळी बुकॅनन स्ट्रीटहून सेसनॉक. आमची ही गाडी म्हणजे ग्लासगोच्या पोटातलं एक कडं. पंधरा स्टेशनं, दोन बोगदे, आणि दोन बोगद्यांतून आयुष्यभर एकमेकींच्या विरुद्ध धावणाऱ्या नारिंगी गाड्या. बाहेरची फेरी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, आतली उलटी. एवढंच. यात समजायला अवघड असं काही नाही, म्हणूनच बहुतेकांनी ते कधी समजून घेतलेलं नाही.

एफीने तर नाहीच. तिचा नियम होता, "आतली शहराला, बाहेरची घराला." आत म्हणजे शहरात, बाहेर म्हणजे शहराबाहेर, आपल्या वस्तीत. नावातच सगळं आलं, पाटी कशाला वाचायची? आणि अंतर मोजायला तिचा कोट होता. तिच्या कोटाला सहा बटणं होती आणि सेसनॉक ते बुकॅनन स्ट्रीट सहा स्टेशनं. गाडी थांबली की एक बटण चिमटीत, पुढच्या थांब्याला त्याखालचं. शेवटचं बटण हातात आलं की उतरायचं. सकाळी जाताना ती झोप पुरी करायची, संध्याकाळी येताना मुकादमिणीला मनातल्या मनात शिव्या घालायची. बोटं आपलं काम करत असत. तीस वर्षांत ती एकदाही चुकली नाही. न चुकणाऱ्या माणसाशी बोलणं किती कठीण असतं, ते तिच्या नवऱ्याने, टॅमने, शक्य तितकं कमी बोलून आम्हाला दाखवून दिलं. मग तो वारला आणि तेवढंही बोलायचा थांबला.

एफीच्या नियमात एक बारीकशी खोट होती. तो फक्त आमच्याकडून खरा होता. नदीपलीकडे, हिलहेडला उभं राहिलं की शहराकडे बाहेरची गाडी जाते आणि आमच्या वस्तीकडे आतली. गोल गोष्टीत आत आणि बाहेर हे रुळाचं असतं, शहराचं नाही. पण एफीला हिलहेडला जायची वेळच कधी आली नव्हती. तिकडे विद्यापीठ होतं, कॉफीची दुकानं होती आणि पुस्तकांनी भरलेल्या खोल्यांत राहून थंडी वाजते म्हणणारी माणसं होती. तिची मुलगी लॉर्ना तिथेच शिकली, तिथल्याच एकाशी लग्न करून तिथेच राहिली. भेटायला लॉर्ना इकडे येई. एफी म्हणायची, "मी का जाऊ? मी कुठे काही चुकीचं केलंय?"

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता. एक डोळा पट्टीखाली आणि दुसरा आपल्या पाळीची वाट पाहत धुकटलेला, असं असताना दुसऱ्या मजल्यावर एकटीने राहू नको म्हणून लॉर्नाने तिला हिलहेडला नेलं. थोड्या दिवसांसाठी, असं ठरलं होतं. एफीने जाताना लॉर्नाचा फोन नंबर माझ्याकडे दिला.

"काय रे पुस्तकवाल्या," ती म्हणाली. (मी वाचनालयात काम करतो, त्यात तिला काम असं काही दिसत नसे.) "माझ्या दाराशी कोणी आलं तर मला कळव. कोणीही. आणि माझ्या नावाने रडू नकोस, मी परत येणार आहे."

कोणी आलं ते गुरुवारी. गुरुवार माझा सुटीचा. सकाळी जिन्यात काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून दार उघडलं, तर एफीचा सोफा उभा होऊन खाली येत होता. त्याच्या एका टोकाला एक दांडगा माणूस, दुसऱ्या टोकाला बारका.

"सरका साहेब," दांडगा म्हणाला. त्याचं नाव शुग. नंतर त्या दिवसभरात आमची बरीच ओळख झाली.

"हे कोणाचं सामान नेताय?"

"स्ट्रदर्सबाईंचं. घर सोडतायत ना त्या. सगळं उचलायचं, काही ठेवायचं नाही. त्यांच्या मुलीनेच सकाळी दार उघडून दिलं."

"कुठे नेणार?"

शुगने सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हा सोफा बघून तुम्हाला काय वाटतं?"

मी आत जाऊन फोन लावला. फोन एफीनेच उचलला.

"एफीबाई, तुमचा सोफा रस्त्यावर आलाय. तुम्ही सांगितलंत का?"

पलीकडे काही बोलणं झालं नाही. एफी स्ट्रदर्स गप्प राहिलेली मी त्या आधी कधी ऐकली नव्हती. मग फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावरून त्या फोनचं काही खरं नाही असं वाटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ते मला एफी, लॉर्ना आणि तिचा नवरा अशा तिघांनीही सांगितलंय. प्रत्येकाने वेगळ्या रागाने सांगितलं, म्हणून ते साधारण खरं असावं.

एफीने आधी पर्स उघडली. किल्ली नव्हती. तेव्हा तिच्या सगळं ध्यानात आलं. दवाखान्यातून निघताना डोळ्यांत थेंब असताना लॉर्नाने पुढे केलेल्या कागदांवर तिने सह्या केल्या होत्या. त्यांतला एक दवाखान्याचा नव्हता, घर सोडण्याचा होता. नगरपालिकेचं भाड्याचं घर होतं ते. सही झाली, सामान निघालं, किल्ली ऑफिसात जमा झाली की संपलं. एकदा हातचं गेलं की ते पुन्हा मिळत नाही, दुसऱ्या कोणाला मिळतं.

तिने कोट चढवला. पट्टी होतीच. घरात जावई होता, गॅव्हिन. तो विद्यापीठात काहीतरी शिकवायचा आणि गुरुवारी घरी बसून विचार करायचा. दार आपटल्याचा आवाज ऐकून तो विचारातून बाहेर आला आणि तिच्यामागे धावला. घरातल्या सपाता पायांत तशाच होत्या. तिला गाठलं ते हिलहेड स्टेशनात, खाली फलाटावर, जिथे आधीच जमिनीखालचा तो ओला मातकट वास येतो आणि बोगद्यातून वारा सुटला की गाडी येते आहे हे कळतं.

"आई, थांबा! कुठे निघालात?"

"माझ्या घरी. अजून असेल तर."

गॅव्हिन लाल झाला. त्याला सगळं माहीत होतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ते काम लॉर्ना करत असे. "आम्ही तुम्हाला सांगणारच होतो. योग्य वेळ बघून."

"सोफा रस्त्यावर आल्यावर?"

"आई, तुम्हाला नीट दिसत नाहीय. जायचंच असेल तर मी येतो बरोबर. आतली गाडी घ्यायची. सेसनॉक पाचवं स्टेशन."

एफीने त्याच्याकडे धुकटलेला डोळा रोखला. "काय म्हणालास?"

"आतली. पाच स्टेशनं."

"आतली," एफी सावकाश म्हणाली. "आतली शहरात जाते, जावईबापू. म्हातारीला शहरात फिरवून आणायचं, तोवर इकडे घर रिकामं. हा डाव होय?"

"नाही, नाही! हे बघा," म्हणून त्याने मनगटावरचं घड्याळ तिच्या नाकाशी धरलं. एका डोळ्याने आंधळ्या आणि दुसऱ्याने संतापलेल्या बाईला घड्याळ दाखवून भूगोल समजावणं हे गॅव्हिनच करू शकतो. "ही आपली रेल्वे समजा. आपण आहोत अकरावर. तुमचं घर सातवर. काटे फिरतात तशी बाहेरची गाडी फिरते. तिने गेलात तर बारा, एक, दोन, अख्खं शहर फिरून मग सात. उलटी गेलात तर दहा, नऊ, आठ, सात. जवळचं कुठलं?"

"माझं घर सातवर नाही, दुसऱ्या मजल्यावर आहे."

"बाहेरचीने दहा स्टेशनं होतात!"

"तीस वर्षं सहा होत होती. आता दहा झाली? भाव वाढले का?"

फलाटावरचे विद्यार्थी पुस्तकांआडून ऐकत होते. वारा सुटला. बाहेरची गाडी आली, दारं उघडली. गॅव्हिनने पाऊल पुढे टाकलं.

"माझ्या डब्यात पाय ठेवलास," एफी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तर मी ओरडेन की हा माणूस माझी पर्स ओढतोय. किल्ली चोरलीच आहे, लोकांना पटेल."

गॅव्हिनने पाऊल मागे घेतलं. दारं मिटली. त्या माणसाने तिला फसवलं होतं, आणि नेमक्या त्या क्षणी तो खरं सांगत होता. पण फसवलेल्या माणसाला हे कळणार कसं? खऱ्याचा आणि खोट्याचा त्याचा चेहरा एकच होता, घामाघूम आणि समजावणारा.

एफी बसली आणि पहिलं बटण धरायची वाट बघू लागली. केल्विनब्रिज. सेंट जॉर्जेस क्रॉस. काउकॅडन्स. पाट्या तिला दिसत नव्हत्या, पण दिसल्या असत्या तरी तिने पाहिल्या नसत्या. ती लॉर्नाला काय बोलायचं ते ठरवत होती. चौथ्या थांब्याला डबा भराभर रिकामा झाला आणि पुन्हा भरला. ते बुकॅनन स्ट्रीट होतं. तीस वर्षं जिथे तिने रोज पाय टाकला, तिथे तिच्या पायाला काही कळलं नाही, कारण बटण चौथंच होतं आणि मनातल्या भाषणात नुकताच टॅमचा उल्लेख आला होता. पाचव्याला पुन्हा गर्दी. "सेसनॉकच्या वाटेला एवढी माणसं कुठून आली," असं तिला एकदा वाटून गेलं. त्याचाही तिला राग आला, आणि रागाने तो प्रश्न गिळून टाकला.

सहावं बटण. ती उतरली, जिना चढली आणि बाहेर आली.

आमच्या स्टेशनाच्या तोंडाशी वाकडी, लांबलचक जुनी इमारत आहे, पायऱ्या चढलं की ती अंगावर येते. तिथे काहीच अंगावर आलं नाही. नुसता रुंद रस्ता होता, बसगाड्या होत्या आणि मोकळं आभाळ होतं. एफीला क्षणभर वाटलं, इमारतही उचलून नेली.

"हे कुठलं?" तिने एका वर्तमानपत्रवाल्याला विचारलं.

"ब्रिज स्ट्रीट, मावशी."

"खोटं बोलू नकोस."

"मला काय मिळायचंय?" तो म्हणाला. "पाटी आहे बघा तुमच्या डोक्यावर. जायचं कुठे?"

"सेसनॉक."

"मग उतरलात कशाला? त्याच गाडीत बसून राहायचं. चक्रच आहे ते. आलंच असतं फिरून."

आमच्या शहरात हे वाक्य रोज कोणीतरी कोणालातरी म्हणतं. चुकलेल्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून. अजूनपर्यंत एकाचंही झाल्याचं मला माहीत नाही. एफीने त्या माणसाला दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने मात्र ते कौतुकाने ऐकून घेतलं.

ती पुन्हा खाली आली. ब्रिज स्ट्रीटचा फलाट मधोमध आहे, एका कडेला आतली थांबते, दुसऱ्या कडेला बाहेरची. मधल्या बाकावर ती बसली. बाहेरची आली आणि गेली. आतली आली आणि गेली. घराला जायला इथून बाहेरचीच गाडी होती आणि पुढे चारच स्टेशनं. म्हणजे तिचा नियम इथे पुन्हा खरा झाला होता. पण आता तिचा कशावरच भरवसा उरला नव्हता. तीस वर्षं ज्या दोन शब्दांवर ती झोपून प्रवास करत आली, ते दोन शब्द कोणीतरी रातोरात उलटे करून ठेवले होते. जावयाने म्हणावं, तर त्याची एवढी लायकी नव्हती.

इकडे गॅव्हिन आतल्या गाडीने पाच स्टेशनं मोजून सेसनॉकला पोचला. शुग तेव्हा आरसा उतरवत होता.

"थांबा," गॅव्हिन म्हणाला. "म्हणजे तत्त्वतः थांबा. पूर्ण रद्द नाही, पण तूर्तास."

"तत्त्वतः थांबलो तरी तासाचे पैसे पडतात, साहेब," शुग म्हणाला. "आणि पायांत काय घातलंय ते?"

स्टेशनाच्या तोंडाशी गॅव्हिन गाड्यांमागून गाड्या बघत राहिला. एफी वर येईना. शेवटी माझ्या घरी येऊन त्याने लॉर्नाला ऑफिसात फोन केला. मी शेजारीच उभा होतो. लॉर्नाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कुठल्या गाडीत बसली?"

"बाहेरच्या. मी सांगत होतो. पण काळजी नको, चक्रच आहे ते, येतील फि..."

"गॅव्हिन," लॉर्ना म्हणाली, "पुन्हा ते वाक्य उच्चारलंस तर तुझंही सामान शुग नेईल." मग ती थांबली. काहीतरी पुटपुटली. ती मोजत होती हे मला नंतर कळलं. "ब्रिज स्ट्रीट," ती म्हणाली. "ती ब्रिज स्ट्रीटला आहे. मी चालले."

"तुला कसं ठाऊक?"

फोन आपटला गेला. ती कोणाची मुलगी ते फोन ठेवण्यावरून ओळखता येत होतं.

लॉर्नाचं ऑफिस सेंट एनॉकपाशी होतं. तिथून बाहेरच्या गाडीने ब्रिज स्ट्रीट पुढचंच. ती उतरली तेव्हा एफी बाकावर ताठ बसली होती, पट्टीचा डोळा आतल्या गाडीकडे, धुकटलेला बाहेरच्या.

"आई."

"आलीस? किल्ली दे."

"आधी घरी चल."

"घरीच चाललेय. किल्ली दे."

लॉर्ना तिच्या शेजारी बसली. "बघ ना, आई. एक गाडी पकडता येईना तुला. शहराच्या भलत्याच कोपऱ्यात येऊन बसलीस. म्हणून तर मी हे करतेय. तू जिन्यावरून पडलीस तर? कळणार कोणाला?"

"मी इथे आले ते तुझ्या नवऱ्यामुळे. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, तेही आधी न सांगता." मग एफी तिच्याकडे वळली. "तुला कसं कळलं मी इथे आहे?"

लॉर्नाने हातातल्या बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. "कारण मीही इथेच उतरले होते. कॉलेजच्या पहिल्या दिवशी. बाहेरची घराला, सहा बटणं. वर आले तर हा रस्ता. रडत बसले होते मी, ह्याच बाकावर."

"मग?"

"मग काय? एका बाईने सांगितलं, तिकडून उलटं असतं म्हणून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"इतकी वर्षं. तुझी आई चुकीचं घोकत फिरते, हे तुला ठाऊक होतं, आणि तू गप्प राहिलीस?"

"तुला काही सांगायची सोय होती का कधी?" लॉर्नाचा आवाज चढला. फलाटावरची माणसं मुद्दाम दुसरीकडे पाहू लागली. "एकदा म्हटलं होतं, चहा कडू झालाय. आठवडाभर चहा दिला नाहीस तू. बाबा तर बिचारे बोलायचेच थांबले. तुला कोण सांगणार तू चुकतेस म्हणून?"

"म्हणजे तोंडावर सांगायची सोय नव्हती," एफी म्हणाली. ती ओरडली नाही. लॉर्ना म्हणते, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "पाठीमागे घर रिकामं करायची मात्र झाली. पर्समधून किल्ली काढायची झाली. डोळ्यांत औषध घालून सही घ्यायची झाली. मी चुकले असेन, लॉर्ना. मी स्टेशन चुकले. तू काय चुकलीस ते मोज. बटणं पुरणार नाहीत."

वारा सुटला. बाहेरची गाडी येऊन उभी राहिली.

"किल्ली कुठे आहे?"

"बॅगेत. दुपारी ऑफिसात द्यायची होती."

एफी उठली. तिने लॉर्नाच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा धरला आणि गाडीत चढली. पट्टा दोघींमध्ये ताणला गेला. भर फलाटावर आईशी झोंबाझोंबी करणं लॉर्नाला शोभण्यासारखं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. शोभेचा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा दारांना पुरला. पट्टा तिच्या हातातून सुटला, दारं मिटली, आणि बॅग आईसकट बोगद्यात गेली.

लॉर्नाने घेतलेलं शिक्षण इथे काही कामाचं नव्हतं. मागची गाडी पकडली तरी ती मागेच राहणार. उलटी पकडली, तर घर चार स्टेशनांऐवजी अकरा स्टेशनांवर. पुढे गेलेल्या माणसाला ह्या कड्यावर गाठता येत नाही. तो कुठेतरी उतरला तरच भेटतो.

एफीने या खेपेला बटणांना हात लावला नाही. समोरच्या बाईला ती प्रत्येक थांब्याला विचारत राहिली, "हे कुठलं?" वेस्ट स्ट्रीट. शील्ड्स रोड. किनिंग पार्क. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती बाई म्हणाली, "तुम्हाला कुठे उतरायचंय ते सांगा ना, मी सांगते." "नको," एफी म्हणाली. "आज ज्याने त्याने सांगितलंय."

आमच्या इमारतीसमोर ती आली तेव्हा सोफ्यावर शुग आणि बारका बसून सॉसेज भरलेले पाव खात होते. आरसा कुंपणाला टेकवलेला होता. कपाट पहिल्या मजल्याच्या वळणावर, माझ्या दारासमोर, अर्ध्यात थांबलेलं. गॅव्हिन सपातांत पायरीवर बसला होता.

"उठा," एफी म्हणाली. "सगळं वर."

"ताई," शुग तोंडातला घास गिळून म्हणाला, "आम्हाला खाली आणायचे पैसे मिळालेत. वर न्यायचे नाहीत."

"माझ्या सोफ्यावर बसून माझ्या दारात खातोस आणि मला दर सांगतोस? कोणाच्या हुकमाने आणलंस खाली? माझ्या? माझा आवाज ऐकलास कधी?"

"ऐकला असता तर विसरलो नसतो," शुग म्हणाला आणि उठला.

सोफा वर गेला, एका टोकाला शुग, दुसऱ्या टोकाला गॅव्हिन. एफी मागून चढत होती आणि प्रत्येक वळणावर जावयाला सांगत होती की भिंतीला खरवडलं तर रंग त्याला द्यावा लागेल. आरसा मी नेला. मला कोणी विचारलं नव्हतं, पण त्या वेळी जिन्यात मोकळ्या हाताने उभं राहणं धोक्याचं होतं. कपाट मात्र वळणात असं अडकलं होतं की वरही जाईना आणि खालीही. शुगने प्रयत्न करून पाहिला, मग टोपी घातली आणि म्हणाला, की आत कसं नेलं होतं ते ज्याला माहीत आहे त्याला बोलवा. नेलं होतं टॅमने.

लॉर्ना पोचली तेव्हा दार बंद झालेलं होतं. आतून किल्ली फिरलेली आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. दाराच्या मुठीला तिची बॅग अडकवलेली होती, पैसे, पास, कंगवा, सगळं जागच्या जागी. किल्ली तेवढी नव्हती. लॉर्नाने दार वाजवलं. आतून काही नाही. पत्रांच्या फटीतून ती वाकून बोलली, "आई, डोळ्याचे थेंब तरी घे. चार वेळा घालायचेत." बाटली तिने फटीतून आत सरकवली. बाटली पडल्याचा आवाज आला. मग ती उचलल्याचाही आला, पण तो बऱ्याच वेळाने, लॉर्ना जिना उतरून गेल्यावर.

किल्ली जमा झाली नाही, त्यामुळे घर एफीचंच राहिलं. ऑफिसातून एक माणूस चौकशीला आला होता. तो दुसऱ्या मजल्यावर गेला आणि लगेच खाली आला. त्याने मला विचारलं, "त्या नेहमी अशाच बोलतात का?" मी म्हटलं, "आज जरा मऊ आहेत."

महिनाभर मायलेकींचं बोलणं नव्हतं. मग एका रविवारी लॉर्ना आली, कपाटाला अंग चोरून वर गेली, आणि माझ्या छतावर जे सुरू झालं ते मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. दोन आवाज होते. लॉर्ना म्हणत होती, तुझा दुसरा डोळा अजून झालेला नाही, तू हट्टी आहेस, तुझ्यामुळे बाबा मुके झाले आणि तुझा चहा कडूच असतो. एफी म्हणत होती, तू चोर आहेस. बराच वेळ दोघींनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मग लॉर्ना दार आपटून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही.

एकदा जिन्यात मला एफी भेटली. दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली होती, आणि आता तिला माझ्या पायपुसण्यावरची धूळ दिसत होती. तिने ती मला दाखवली. मग कपाटाला हात टेकून जरा दम घेतला.

"लॉर्ना हल्ली तोंडावर बोलते," ती म्हणाली. तिला अजून राग होता, त्याबद्दल शंकाच नको. "परवा म्हणाली, तुला माफ केलेलं नाही. मी म्हटलं, मी तरी कुठे केलंय? बस, चहा घे. तर म्हणते, कडू असतो."

"मग दिला नाहीत?"

"दिला की," एफी म्हणाली. "तसाच. पूर्ण प्यायला लावला."